दमा, नाकातलं मांस आणि कंबरदुखीची गोळी

*डॉक्टर, माझं वय 37. चार वर्षांपासून नाक सतत चोंदलेलं असतं, वास जवळपास येतच नाही. दोन वर्षांपूर्वी नाकातलं वाढलेलं मांस ऑपरेशन करून काढलं. सहा-सात महिने बरे गेले, आता ते पुन्हा वाढलंय. मधल्या काळात दमाही सुरू झाला, पंप घेते. गेल्या महिन्यात कंबर दुखत होती म्हणून मेडिकलमधून नेहमीची गोळी आणली. तिच्यावर आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 असं लिहिलंय. पाऊण तासात नाक गच्च झालं, डोळे लाल झाले आणि मग अशी धाप लागली की रात्री दवाखान्यात नेऊन नेब्युलायझर लावावा लागला. हीच गोळी मी कॉलेजपासून पाळीच्या दुखण्यावर घेत आले, कधी काही झालं नाही. तापाला साधी पॅरासिटामॉल 500 घेते, तिचाही त्रास नाही. रक्तातली ॲलर्जीची तपासणी नॉर्मल आली. मग हा योगायोग होता का? आता दुखलं तर काय घ्यायचं? नाकाचे डॉक्टर पुन्हा ऑपरेशन करा म्हणतात, सासूबाई आंबट बंद कर म्हणतात. वडील हृदयाचे पेशंट आहेत, त्यांच्यासाठी घरात ॲस्पिरिन असतं. उद्या मला गरज पडली तर? आणि माझ्या 11 वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?*

*— एक वाचक, सांगली*

ताई, हा योगायोग नव्हता. तुम्हाला न तपासता मी निदानाचा शिक्का मारणार नाही, पण तुम्ही जो क्रम लिहिला आहे तो वाचून कुठल्याही छातीच्या डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा एकच आजार येईल. नाकातलं मांस, दमा आणि गोळीने लागलेली धाप हे तीन वेगळे त्रास नाहीत, एकाच आजाराची ही तीन तोंडं आहेत. डॉक्टरांच्या कागदावर त्याला एईआरडी किंवा ‘सॅम्टर्स ट्रायड’ म्हणतात. आपण त्याला ॲस्पिरिनने बळावणारा श्वसनविकार म्हणू. नाव ॲस्पिरिनचं असलं तरी हा आजार ॲस्पिरिनमुळे होत नाही आणि फक्त ॲस्पिरिनपुरता राहतही नाही.

‘कॉलेजपासून घेत आले, कधी काही झालं नाही’ हे वाक्य असे पेशंट हमखास सांगतात आणि त्यामुळेच निदान लांबतं. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो, बायकांमध्ये थोडा जास्त. आधी हटता न हटणारी सर्दी येते. मग वास जातो: फोडणी करपली तरी कळत नाही, दूध उतू गेल्याचं डोळ्यांनीच कळतं. (वास येत नसेल तर गॅसची गळतीही कळत नाही. रोज झोपताना शेगडीचा आणि सिलिंडरचा कॉक बंद आहे ना, हे हाताने तपासा.) मग नाकात मांस, म्हणजे पॉलिप, दिसतं, त्याच्या आगेमागे दमा, आणि कधीतरी एक गोळी पोटात जाते व सगळं उघड होतं. हा प्रवास काही वर्षांचा असतो. कॉलेजात तुम्ही ती गोळी घेत होता तेव्हा हा आजार तुमच्या अंगात नव्हताच. गोळी तीच राहिली, तुमच्या श्वासनलिकांचं अस्तर बदललं.

हे फार दुर्मीळही नाही. मोठ्या वयाच्या दमेकऱ्यांत शंभरात सात जणांच्या आसपास हा प्रकार आढळतो, आणि ज्यांचा दमा तीव्र आहे त्यांच्यात शंभरात पंधराच्या घरात. दमा आहे आणि नाकात मांसही आहे, अशा प्रत्येक माणसाने वेदनाशामकांच्या बाबतीत जपूनच राहायला हवं, मग आजवर त्रास झालेला असो वा नसो.

आता गोळीने दमा का उसळतो, ते सांगतो. आपल्या पेशींच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल नावाचा एक स्निग्ध पदार्थ सुटतो. त्याचं पुढे काय बनायचं याच्या दोन वाटा आहेत. एका वाटेवर कॉक्स नावाचं एन्झाइम बसलेलं आहे, ते त्यापासून प्रोस्टाग्लँडिनं बनवतं. दुखणं, सूज, ताप यांना हीच प्रोस्टाग्लँडिनं जबाबदार असतात, म्हणून वेदनाशामक गोळ्या कॉक्सला बंद पाडतात आणि आपलं दुखणं थांबतं. दुसऱ्या वाटेवर त्याच पदार्थापासून ल्युकोट्राइन नावाची रसायनं तयार होतात. ती श्वासनलिका आवळतात, नाकाचं अस्तर सुजवतात, शेंबूड वाढवतात. दमा उसळवायला इतकी ताकदवान रसायनं शरीरात थोडीच असतील.

पण प्रोस्टाग्लँडिनं सगळी त्रासदायक नसतात. त्यांच्यातलं एक, ई-टू, फुप्फुसात उलट राखणीचं काम करतं: ते ल्युकोट्राइनच्या कारखान्याला आणि सुजेची रसायनं साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशींना आवरून धरतं. तुमच्यासारख्या पेशंटमध्ये ल्युकोट्राइन आधीपासूनच जास्त तयार होत असतात आणि ई-टू मुळातच कमी असतं. भरलेला ट्रक घाटातून उतरतोय आणि ब्रेक अर्धेच लागताहेत, अशी ही अवस्था. त्यात आयबुप्रोफेन पोटात गेलं, कॉक्सचा कॉक्स-1 हा प्रकार बंद पडला, ई-टू आणखी घसरलं, म्हणजे उरलासुरला ब्रेकही सुटला. मास्ट पेशी आपला साठा ओततात, ल्युकोट्राइनचा पूर येतो. आधी नाक गच्च होतं आणि वाहतं, डोळे लाल होतात, चेहरा तापतो, मग छाती आवळते. तुम्ही लिहिलेला क्रम अगदी हाच आहे. हे सगळं साधारण अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत घडतं.

तुमची रक्ततपासणी नॉर्मल का आली याचंही उत्तर इथेच आहे. ती तपासणी आयजीई नावाची प्रतिपिंडं शोधते. धूळ, परागकण, शेंगदाणे यांची ॲलर्जी त्यातून कळते. इथे शरीराने गोळीला ‘ओळखून’ तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं केलेलीच नाहीत. गोळी तिचं नेहमीचंच काम करते, फक्त त्या कामाचा परिणाम तुमच्या अंगात वेगळा होतो. म्हणून या आजारासाठी रक्ताची किंवा त्वचेची कुठलीही खात्रीची चाचणी नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ‘गोळी घ्यायला हरकत नाही’ असं कुणी म्हणालं तर ते ऐकू नका.

याचाच दुसरा अर्थ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खऱ्या ॲलर्जीत एखादं औषध सोडलं की काम भागतं, कारण शरीराचा राग त्या एका रेणूवर असतो. इथे कॉक्स-1 बंद पाडणारं प्रत्येक औषध सारखंच धोक्याचं आहे, मग त्याचा रेणू कसाही असो. हे कोडं 1975 साली पोलंडमधल्या क्राकूवच्या आंद्झेय श्चेक्लिक यांनी सोडवलं. एकमेकांशी रासायनिक नातं नसलेल्या वेदनाशामकांनी याच पेशंटना त्रास का होतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. जी औषधं प्रोस्टाग्लँडिनं रोखतात तीच झटका आणतात आणि जी रोखत नाहीत ती आणत नाहीत, असं त्यांना दिसलं. आजाराचं वर्णन मात्र त्याच्या कितीतरी आधी, 1922 मध्ये पॅरिसच्या फर्नांद विडाल यांनी केलं होतं. टायफॉइडची ‘विडाल टेस्ट’ ज्यांच्या नावाने आहे, तेच हे विडाल. ते वर्णन मागे पडलं आणि 1968 मध्ये मॅक्स सॅम्टर व रोलंड बीअर्स यांच्या लेखानंतर डॉक्टरमंडळींचं पुन्हा तिकडे लक्ष गेलं.

तुमच्याच गोळीचा हिशेब करून पाहा. तिच्यात दोन औषधं आहेत. पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम, आणि तापात तुम्ही 500 मिलिग्रॅम घेता तेव्हा काही होत नाही. म्हणजे त्याहून कमी मात्रेने त्या रात्रीची धाप लागली असेल असं मानायला जागा नाही. उरलं आयबुप्रोफेन 400. दोषी तेच. असाच हिशेब मागच्या चार वर्षांचाही करा. दाढ काढल्यावर दिलेली गोळी, ताप आला तेव्हा टोचलेलं इंजेक्शन, मान आखडली तेव्हा घेतलेलं काही, आणि त्यानंतर तीन तासांच्या आत ‘अचानक सर्दी झाली’, ‘पंप जास्त मारावा लागला’ असं काही आठवतं का? हलके झटके लोक धुळीवर किंवा हवापालटावर ढकलून मोकळे होतात. पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्डही काढा. त्यावर डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक लिहिलेलं असेल आणि तेव्हा काही झालं नसेल, तर त्यावरून लगेच सुटकेचा निष्कर्ष काढू नका. ऑपरेशनच्या आसपास स्टेरॉइड किंवा मॉन्टेलुकास्ट चालू असलं तर झटका दबून राहू शकतो. ते कार्ड डॉक्टरांना दाखवा, त्यांना त्यातून बरंच कळेल.

आता टाळायचं काय. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक, इंडोमेथॅसिन, पिरॉक्सिकॅम, आणि पाळीच्या दुखण्यावर घरोघरी असणारं मेफेनॅमिक ॲसिड. ही नावं एका कागदावर उतरवून घ्या, कारण गोळीच्या मोठ्या अक्षरातल्या नावावरून यातलं काहीच कळत नाही. कंपनी बदलली की नाव बदलतं आणि एकाच नावापुढे ‘प्लस’, ‘पी’, ‘एसपी’, ‘स्पास’ लागलं की आतलं औषध बदलतं. स्ट्रिप उलटी करा. मागे बारीक अक्षरात प्रत्येक औषध आणि त्याचे मिलिग्रॅम छापलेले असतात, वाचायची ती तेवढीच ओळ. स्ट्रिप कापून सुट्या दिलेल्या गोळ्यांवर ही ओळ बहुतेक वेळा उरतच नाही, म्हणून तुम्ही तरी यापुढे कापलेली पट्टी घेऊ नका. निमेसुलाइड आणि मेलॉक्सिकॅम यांचं थोडं वेगळं आहे: कमी मात्रेत ती अनेकांना सोसतात, मात्रा वाढली की कॉक्स-1 पर्यंत हात पोचवतात. माझ्या मते तुम्ही ती आपणहून घेऊ नयेत.

गोळीखेरीज दोन ठिकाणी लोक गाफील राहतात. पहिलं म्हणजे इंजेक्शन. ताप, अंगदुखी, मुतखड्याची कळ यांवर आपल्याकडे डायक्लोफेनॅकची सुई सहज टोचली जाते आणि ती कशाची होती हे पेशंटला कुणी सांगत नाही. दुसरं, डोळ्यांचे थेंब. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा डोळे आले म्हणून केटोरोलॅकचे थेंब देतात, आणि नुसत्या थेंबांनीही दमा उसळल्याचं नोंदवलेलं आहे. चोळायच्या जेलमधून रक्तात फार थोडं औषध जातं, त्यामुळे धोका कमी. तरी डायक्लोफेनॅकचं जेल नसलेलं बरं. गरम पाण्याची पिशवी त्याहून निर्धोक.

मग घ्यायचं काय? पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, एका वेळी एकच. ती तुम्हाला सोसते हे तुम्ही स्वतःच अनुभवलं आहे. पॅरासिटामॉलही कॉक्स-1 ला थोडंसं रोखतं, म्हणून मात्रेला महत्त्व आहे. 650 ची गोळी बहुतेकांना चालते, पण एकदम 1000 किंवा त्याहून जास्त घेतली की या आजारातल्या बऱ्याच जणांना नाक चोंदणं, छाती भरणं असा त्रास होतो. ‘एकीने भागलं नाही म्हणून दोन घेतल्या’ हे तुमच्या बाबतीत करू नका. चार ते सहा तासांनी पुन्हा एक घ्या. एवढ्याने न भागणारं दुखणं असेल तर एटोरिकॉक्सिब किंवा सेलेकॉक्सिब ही औषधं आहेत. ती कॉक्स-1 ला जवळजवळ हात न लावता कॉक्सच्या दुसऱ्या प्रकारावर, कॉक्स-2 वर, काम करतात आणि या आजाराच्या बहुतांश पेशंटना सोसतात. मात्र पहिली गोळी डॉक्टरांसमोर घ्यायची आणि दोन-तीन तास तिथेच बसायचं, दमा आटोक्यात असलेल्या दिवशी. शिवाय वडिलांचा हृदयविकार त्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण या औषधांचा हृदयाशी संबंध आहे आणि तुमच्या रक्तदाबाचा विचार करून मगच ती द्यावी लागतात. ऑपरेशननंतरचं मोठं दुखणं असेल तर ट्रामाडॉलसारखी वेगळ्या वाटेने काम करणारी औषधं डॉक्टर देऊ शकतात.

एक कळकळीची विनंती. ‘अर्धी गोळी घेऊन बघते’ असं कधीही करू नका. तुमच्या गोळीच्या अर्ध्यातही 200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आहे आणि झटक्याला तेवढं पुरून उरतं. आणि चुकून गोळी गेलीच तर वाट पाहत बसू नका. नाक भरायला लागलं की लगेच साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून एकेक करून चार ते दहा फवारे, गरज पडल्यास वीस मिनिटांनी पुन्हा, आणि पहिले फवारे घेता घेताच दवाखान्याकडे निघायचं. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ काळेनिळे पडत असतील, चक्कर येत असेल, तर रुग्णवाहिका बोलवा. ॲलर्जीची गोळी घेऊन झोपून राहणं या झटक्यात जिवावर बेतू शकतं. ती गोळी ल्युकोट्राइनना रोखत नाही.

पाकिटात आणि मोबाइलच्या कव्हरमागे एक चिठ्ठी ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत: ‘मला दमा आणि नाकात पॉलिप आहेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक, मेफेनॅमिक ॲसिड किंवा या गटातलं कुठलंही वेदनाशामक दिल्यास दम्याचा गंभीर झटका येतो. पॅरासिटामॉल 500 चालते.’ दाताचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, सगळ्यांना ती आधी दाखवायची, त्यांनी विचारायची वाट न पाहता.

ऑपरेशनबद्दल तुमच्या नाकाच्या डॉक्टरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर पुन्हा तेच होईल. ऑपरेशनने वाढलेलं मांस निघतं, ते वाढवणारी सूज आत तशीच राहते. या आजारात मांस इतर पॉलिपवाल्यांपेक्षा लवकर आणि जास्त वेळा परततं. तुमचं सहा-सात महिन्यांत परतलं, तेही त्याला धरूनच आहे. म्हणून तारीख घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: ऑपरेशन झाल्यावर मांस पुन्हा येऊ नये म्हणून काय करणार आहोत?

रोजच्या उपचाराचा पाया म्हणजे नाकासाठी स्टेरॉइडचा स्प्रे आणि छातीसाठी स्टेरॉइडचा पंप, दोन्ही नियमित. नुसता निळा पंप मारून दमा आटोक्यात राहणार नाही. नाक खूप सुजलेलं असेल तर साधा स्प्रे आतवर पोचतच नाही. तेव्हा डॉक्टर नाक धुण्याच्या पाण्यातच बुडेसोनाइड मिसळायला सांगतात. पाव लिटरच्या आसपासची नाक धुण्याची बाटली, उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात तयार मिळणारी मिठाची पुडी, आणि नेब्युलायझरसाठी मिळते ती बुडेसोनाइडची कुपी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेची. बेसिनवर वाकून, तोंड उघडं ठेवून एका नाकपुडीतून हळू दाबत अर्धी बाटली, मग दुसरीतून उरलेली. नळाचं न उकळलेलं पाणी नाकात कधीही घालायचं नाही. ऑपरेशननंतर सायनस मोकळे झालेले असतात, तेव्हा हे पाणी खरं आतवर पोचतं, म्हणून ऑपरेशननंतर बाटली सोडून देणं हे सगळ्यात मोठं नुकसान. मॉन्टेलुकास्टची गोळी ल्युकोट्राइनना त्यांच्या जागेवर बसू देत नाही, त्यामुळे तिचा काहींना चांगला उपयोग होतो. ती घेताना झोप उडणं, विचित्र स्वप्नं, उदासपणा असं काही जाणवलं तर डॉक्टरांना लगेच सांगा. पण ती चालू आहे म्हणून वेदनाशामक चालेल, असा अर्थ मात्र काढू नका.

आता ऐकायला उलटं वाटेल असा एक उपचार. ज्या ॲस्पिरिनने झटका येतो तेच ॲस्पिरिन रोज देऊन हा आजार आवरता येतो. याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात. 1922 च्या त्या पेशंटवर विडाल यांनी हेच करून पाहिलं होतं. ऑपरेशननंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी, नाक मोकळं आणि दमा स्थिर असताना पेशंटला दवाखान्यात ठेवतात. फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात आणि ती पुरेशी असेल तरच पुढे जातात. सुरुवात 20 ते 40 मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेने. दीड ते तीन तास थांबायचं, पुन्हा फुंकायचं, मग मात्रा वाढवायची, असं करत 325 पर्यंत. मधे कुठेतरी, बऱ्याचदा 100 च्या आतबाहेर, झटका येतो. तिथेच त्यावर उपचार होतो, आणि तो ओसरल्यावर तीच मात्रा पुन्हा देतात. एकदा पल्ला गाठला की शरीर काही काळ गप्प बसतं, आणि ते गप्प राहावं म्हणून रोज ॲस्पिरिन घ्यावं लागतं, 325 किंवा 650 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. अनेकांत त्याने मांस परतायला वेळ लागतो, वास थोडाफार येऊ लागतो, स्टेरॉइडच्या गोळ्या कमी लागतात.

याच्या मर्यादा तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. गोळी दोन-तीन दिवस चुकली की संरक्षण संपतं आणि पुढची गोळी पुन्हा झटका आणू शकते, मग सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एवढ्या ॲस्पिरिनने पोटात अल्सर होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. अल्सरचा इतिहास असेल किंवा बाळाचा विचार असेल तर हा मार्ग नाही. आणि हे काम मोजक्याच केंद्रांत होतं. सांगलीहून पुण्या-मुंबईला जावं लागलं तर एक-दोन दिवस मुक्काम धरून जा. हे जमत नसेल किंवा करूनही मांस वाढत राहिलं तर जैविक औषधांची इंजेक्शनं आहेत, डुपिलुमॅब, मेपोलिझुमॅब, ओमालिझुमॅब. यांतल्या पहिल्याचा नाकाच्या मांसावर चांगला परिणाम दिसतो. खर्च मात्र सामान्य घराला झेपणारा नाही आणि इंजेक्शन थांबवलं की त्रास परतू शकतो, त्यामुळे मी ती पहिल्या पायरीवर सुचवणार नाही.

सासूबाईंना सांगा की चिंच, लिंबू, दही यांचा या आजाराशी संबंध नाही. काही फळभाज्यांत नैसर्गिक सॅलिसिलेट असतात म्हणून ती बंद करा, असं कुठेकुठे वाचायला मिळतं. पण ते सॅलिसिलेट ॲस्पिरिनसारखं कॉक्स-1 ला बंद पाडत नाहीत, त्यामुळे ताटातलं काही कमी करायची गरज नाही. दारूचं मात्र तसं नाही. या आजाराच्या बहुसंख्य लोकांना थोड्याशा दारूनेही तासाभरात नाक चोंदतं किंवा छाती आवळते. कधी घेण्याचा प्रसंग आला तर हे माहीत असू द्या.

वडिलांच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलंत, ते फार बरं केलंत. छातीत दुखलं की ॲस्पिरिन चावून खा, हा सल्ला आता मोबाइलवर घरोघरी पोचला आहे आणि हृदयविकाराच्या झटक्यात तो योग्यच आहे. पण दम्यातही छाती आवळते. तुमची छाती आवळली आणि घाबरून कुणी वडिलांच्या डबीतली गोळी तुमच्या तोंडात घातली, तर दम्याच्या झटक्यावर दुसरा झटका येईल. 75 मिलिग्रॅमची ‘लहान’ गोळीही त्याला पुरेशी असते. हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा आणि ती डबी वडिलांच्या खोलीत वेगळी ठेवा. पुढे कधी तुम्हाला हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गरज लागलीच, तर क्लोपिडोग्रेलसारखी कॉक्सच्या वाटेला न जाणारी औषधं आहेत, आणि ॲस्पिरिनच हवं असेल तर हृदयाचे आणि छातीचे डॉक्टर मिळून वर सांगितलेल्या पद्धतीने ते सुरू करू शकतात.

मुलीची काळजी करू नका. हा आजार बहुतेक पेशंटच्या घरात दुसऱ्या कुणालाही नसतो आणि लहान वयात तो क्वचितच दिसतो. तिला दमा नाही, नाक मोकळं आहे, वास येतो, तर तिच्या तापाला तिचे डॉक्टर वजनाप्रमाणे जे औषध देतील ते तिला चालेल. तुमच्या चिठ्ठीतली बंदी तिला लागू नाही.